सात हजार खुर्च्यांचं शहर

माझा मावसभाऊ गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत सहा वर्षं बसतोय. खुल्या प्रवर्गातला आहे, म्हणजे वयाची 38 वर्षं ओलांडली की खेळ खलास. मागच्या दिवाळीत मी त्याला सहज विचारलं, “महापालिकेत एवढ्या जागा रिकाम्या आहेत म्हणतात, मग भरती का निघत नाही?” त्याने पुस्तकातून मान वर न काढता उत्तर दिलं, “आकृतिबंध अडकलाय.”

हा शब्द नाशिकच्या पेपरांत मी लहानपणापासून वाचत आलोय. त्याचा अर्थ मात्र त्या दिवसानंतर शोधायला लागलो.

आकृतिबंध म्हणजे एखाद्या कार्यालयात कोणत्या हुद्द्याची, कोणत्या वेतनश्रेणीची, किती पदं असतील याचा मंजूर तक्ता. कल्पना जुनीच आहे. पेशवाईत किल्ल्यावर किंवा कचेरीत कोणाची नेमणूक किती आणि त्याला वेतन काय, याची यादी ठरवून दिलेली असे. तिला तैनातजाबता म्हणत. तक्त्यात एक बारीक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे पद आणि माणूस वेगळे असतात. माणूस निवृत्त होतो, पद कागदावर तसंच राहतं. उलट काम कितीही वाढलं, तरी कागदावर पद नसेल तर माणूस नेमता येत नाही.

नाशिक महापालिका 7 नोव्हेंबर 1982 रोजी जन्मली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ती उभी राहिली. तिचा आकृतिबंध मंजूर झाला तो नव्वदच्या दशकात, महापालिका ‘क’ वर्गात असताना. पदं साधारण सात हजार. 1991 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 6,56,925 होती, म्हणजे 94 माणसांमागे एक पद. 2011 मध्ये लोकसंख्या 14,86,053 झाली आणि तोच तक्ता धरला तर 212 माणसांमागे एक पद उरलं. दरम्यान महापालिका ‘ब’ वर्गात गेली, पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत इमारती उठल्या. तक्ता मुळात तोच राहिला. आणि त्यातलीही अडीच हजारांहून जास्त पदं रिकामी झाली, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी निवृत्त होतंच.

मग किती माणसं हवीत हे ठरवायचं कसं? लोकसंख्येला एका आकड्याने भागणं सोपं असतं, पण फसवं. 2013 मध्ये नाशिकची जकात गेली, पुढे तिच्या जागी आलेला एलबीटीही गेला. लोकसंख्या वाढत असतानाच एक आख्खं काम शहरातून नाहीसं झालं. म्हणून आधी काम मोजावं लागतं.

माझे काका एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. त्यांच्याकडे एकदा कामाची मोजणी आली. प्रत्येकाने पंधरा दिवस रोजनिशी भरायची, कोणतं काम किती मिनिटं. काका हसून सांगतात, त्या पंधरवड्यात ऑफिसात कोणी चहाला उठलं नाही आणि एक साधं पत्र टाइप करायला पाऊण तास लागू लागला. साहजिक आहे, पद वाचवायचं असतं. पण मोजणारा मुरलेला होता. त्याने रोजनिशी बाजूला ठेवून आवक-जावक नोंदवही मागवली. वर्षभरात खरंच किती पत्रं आली, किती गेली, त्यात ते दिसतं. पाऊण तासाने पत्रांच्या आकड्याला गुणलं तर दिवस तीस तासांचा निघत होता. तिथे खोटं पकडलं गेलं.

लिपिकाचं काम दुसऱ्या दिवशी ढकलता येतं, अग्निशमन केंद्रातलं येत नाही. म्हणून तिथलं गणित वेगळं, आणि मला सगळ्यात आवडलेलं. बंबाच्या चालकाची एक खुर्ची धरा. ती चोवीस तास भरलेली हवी. आठ तासांच्या तीन पाळ्या, वर्षाच्या 1,095 पाळ्या. आता एक चालक वर्षात किती पाळ्या करेल? 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 30 अर्जित रजा आणि 8 नैमित्तिक रजा वजा करा, उरतात 275. 1,095 ला 275 ने भागलं की जवळजवळ चार येतात. म्हणजे एका खुर्चीला चार माणसं. आजारपण आणि प्रशिक्षण मी यात धरलेलंच नाही.

‘तीन पाळ्या, तीन माणसं’ असा सरळ हिशेब करून कोणी तीनच पदं मंजूर केली, तर वर्षाला 270 पाळ्या उघड्या पडतात. त्या कोण भरतं? तेच तिघं, सुट्टी सोडून. पदं कमी पडली आहेत हे अशा वेळी अर्जांपेक्षा जादा कामाच्या भत्त्याच्या आणि साठलेल्या रजेच्या नोंदीत लवकर कळतं.

हे सगळं मोजून विभागप्रमुख मागणी करतात, प्रशासन ती एकत्र करतं, महासभेपुढे ठेवतं आणि प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जातो. शासनाच्या मंजुरीशिवाय आकृतिबंध लागू होत नाही. नाशिकनेही मूळ तक्त्याच्या दुपटीच्या आसपास पदांचा प्रस्ताव तयार केला होता. दुप्पट आकडा ऐकायला भारी वाटतो, पण लोकसंख्याही दुपटीहून जास्त वाढली होती. तरी माझं मत असं, की यात थोडं पाणी घातलेलं असणारच. वरून कात्री लागणार हे माहीत असलं की खालचा माणूस जास्तच मागतो, आणि जास्त मागतात हे माहीत असल्याने वरचा आणखी कापतो.

खरी अडचण मात्र 35 टक्क्यांची. महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार, महसुली उत्पन्नाच्या 35 टक्क्यांवर जायचा नाही, अशी शासनाची मर्यादा आहे. समजा उत्पन्न 100 रुपये आणि पगार 30. नवा वेतन आयोग आला, पगार पाव पटीने वाढले, की एकही माणूस न वाढता खर्च साडेसदतीसवर जातो. दार बंद. मोजणीत तुमची गरज कितीही निघो, तिचा या टक्केवारीशी काही संबंध नाही.

मग झाडू कोण मारणार? ठेकेदाराची माणसं. त्यांचा पैसा महापालिकाच देते, पण वेगळ्या शीर्षाखाली, त्यामुळे टक्केवारी सुखरूप. सकाळी सहाला आमच्या गल्लीत झाडू मारणारी बाई वर्षानुवर्षं तीच आहे, तक्त्यात ती कुठेच नाही.

मर्यादा कधीच वाकत नाही असंही नाही. कोरोनाच्या काळात शासनाने नाशिकला वैद्यकीय, आरोग्य आणि अग्निशमन विभागांसाठी काही शे नवी पदं मंजूर केली. आता 2027 चा कुंभमेळा तोंडावर आहे. पण कुंभात शहराची गर्दी काही दिवसांपुरती अनेक पटींनी वाढते, आणि पर्वणीच्या गर्दीवर कायमची पदं ठरवता येत नाहीत. त्यासाठी बाहेरून माणसं आणतात, मेळा संपला की परत पाठवतात.

परवा मावसभावाला चोवीस तासांच्या खुर्चीचं गणित सांगितलं. त्याने वहीच्या मागच्या पानावर ते पुन्हा करून पाहिलं, मग खाली स्वतःचं वय लिहिलं, 36, आणि त्यापुढे 38. पान उलटून तो पुन्हा चालू घडामोडी वाचायला लागला.