परदेशातील हॉटेल व पाककला शिक्षण : 'पेड प्लेसमेंट'चा हिशेब आणि त्यापुढची शिडी

आपल्या सभासदांपैकी काही घरांतील मुले-मुली बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट किंवा शेफचे शिक्षण घेण्यासाठी परदेशी जाण्याचा विचार करीत आहेत. माहितीपत्रकात 'पेड प्लेसमेंट' हे दोन शब्द ठळक छापलेले असतात आणि पालकांचा समज होतो की मुलगा शिकता शिकता फी फेडून काढील. आम्ही बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज पाहिले आहेत. त्या सवयीने हा हिशेब कागदावर मांडून पाहू.

सर्वांत जास्त विचारणा स्वित्झर्लंडची होते. तिथल्या खाजगी हॉटेल शाळांत साधारणपणे एक सत्र वर्ग आणि एक सत्र हॉटेलात काम, अशी रचना असते. हे काम चार ते सहा महिन्यांचे असते आणि त्याला पगार मिळतो, यात खोटे काही नाही. तिथल्या हॉटेल व्यवसायाचा देशव्यापी वेतनकरार आहे आणि त्यात शिकाऊ विद्यार्थ्यासाठीही किमान वेतन ठरलेले असते. ते महिन्याला २,३०० फ्रँकच्या आसपास धरावे. फ्रँकचा भाव आज शंभर रुपयांच्या वर आहे, पण हिशेबाला सोपे म्हणून आपण शंभरच धरू. म्हणजे सव्वादोन लाखांहून अधिक पगार! इथेच पालक खुश होतात.

आता वजाबाकी. हॉटेल राहायला खोली आणि तीन वेळचे जेवण देत असेल, तर त्याची किंमत पगारातून कापली जाते. स्विस सरकारचा त्यासाठीचा ठरलेला दर दिवसाला ३३ फ्रँक, म्हणजे महिन्याला ९९० फ्रँक आहे. त्यात खोलीचे ३४५ आणि जेवणाचे ६४५. उरले १,३१०. त्यातून सामाजिक विमा आणि मुळातच कापला जाणारा कर मिळून अडीचशेच्या आसपास जातात. आरोग्यविमा सक्तीचा आहे, त्याचा हप्ता वेगळा. हातात नऊशे फ्रँक आले तर चांगले म्हणायचे. डोंगरातल्या हिवाळी हॉटेलात काम लागले की जाड कोट, बूट, सुट्टीच्या दिवशीची रेल्वे, फोन हे सगळे आलेच. काटकसरी मुलगा निम्मे वाचवू शकला, तर सहा महिन्यांत २,७०० फ्रँक, म्हणजे पावणेतीन लाख रुपये साठतील.

दुसऱ्या बाजूला कर्ज ठेवू. समजा, एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी फी, राहणे, विमा आणि प्रवास मिळून तीस लाखांचे कर्ज काढले आणि व्याज दहा टक्के आहे. शैक्षणिक कर्जात बहुधा अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. व्याज मात्र चालूच राहते. ते सरळव्याजाने मोजले तरी दोन वर्षांचे सहा लाख होतात. छत्तीस लाखांची परतफेड दहा वर्षांत करायची म्हटली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४७,५०० रुपये येतो. प्लेसमेंटमधून वाचलेले पावणेतीन लाख म्हणजे असे जेमतेम सहा हप्ते. शिवाय साडेसात लाखांवरील कर्जाला बँक सहसा तारण मागते. हप्ता थकला तर प्रश्न मुलाच्या करिअरपुरता राहत नाही, घराच्या कागदपत्रांपर्यंत येतो. हे घरात आधी मोकळेपणी बोलावे, मुलासमोरच बोलावे.

हप्ता कशातून भरायचा, हा पुढचा प्रश्न. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, स्वित्झर्लंडमधली प्लेसमेंट ही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळालेली परवानगी असते, नोकरीचा परवाना नव्हे. शिक्षण संपल्यावर युरोपबाहेरच्या माणसाला नोकरी द्यायची, तर मालकाला स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही हे दाखवावे लागते आणि परवान्यांची संख्याही मर्यादित असते. तिथल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थेची पदवी असेल तर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. म्हणून शाळेला एकच प्रश्न लेखी विचारावा : तुमची संस्था स्विस उच्चशिक्षण कायद्याखाली मान्यताप्राप्त आहे का, आणि आमचा मुलगा ज्या डिप्लोमाला येतो आहे तो त्यात बसतो का? 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असे गोल उत्तर आले तर काय समजायचे ते समजावे.

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरातली शिडी. मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये सर्वांत खाली कॉमी असतो, तोही तिसरा, दुसरा, पहिला अशा पायऱ्यांचा. त्यावर डेमी शेफ, मग शेफ द पार्टी, म्हणजे सॉस, थंड पदार्थ, तंदूर, बेकरी अशा एखाद्या विभागाचा प्रमुख. त्यावर सू-शेफ, एक्झिक्युटिव्ह सू-शेफ आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ. परदेशी डिप्लोमा घेऊन आलेला मुलगाही बहुधा कॉमी म्हणूनच लागतो. डिप्लोम्याने एखादी पायरी वाचते, पाच वाचत नाहीत. विभागप्रमुख व्हायला चार-सहा वर्षे आणि सू-शेफ व्हायला आठ-दहा वर्षे लागणे यात कमी पडल्यासारखे काही नाही. हैदराबादच्या पंचतारांकित हॉटेलात सुरुवातीच्या कॉमीचा पगार वीस-पंचवीस हजारांच्या घरात असतो. वरचा ४७,५०० चा हप्ता या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वाढलेले फ्लॉइड कार्डोझ यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्यांनी आधी जीवरसायनशास्त्र घेतले होते. मग मुंबईत हॉटेलचे शिक्षण आणि नंतर स्वित्झर्लंडमधील ले रोश ही शाळा. इतके होऊनही न्यूयॉर्कला गेल्यावर 'लेस्पिनास' या नामांकित रेस्टॉरंटमध्ये ग्रे कुंझ यांच्या हाताखाली ते खालच्या जागेपासून लागले आणि चढत चढत एक्झिक्युटिव्ह सू-शेफ झाले. 'तब्ला' हे नाव मिळवून देणारे रेस्टॉरंट १९९८ साली उघडले, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. स्विस शाळेचा उपयोग झालाच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांना वर नेले ते एका कडक शेफच्या हाताखाली काढलेल्या वर्षांनी.

हॉटेलच्या बाकी बाजूंचेही असेच. फ्रंट ऑफिस किंवा हाऊसकीपिंगमधून लागलेला मुलगा ड्यूटी मॅनेजर, विभागप्रमुख असे करीत जनरल मॅनेजर व्हायला पंधरा-वीस वर्षे घेतो. ही वाट छोटी करणारा एक दरवाजा भारतातच आहे, तो म्हणजे मोठ्या समूहांचे मॅनेजमेंट ट्रेनी कार्यक्रम. दिल्लीचे ओबेरॉय सेंटर ऑफ लर्निंग अँड डेव्हलपमेंट हे त्यातले जुने नाव. निवड कठीण असते, पण निवड झाली तर किचनसह व्यवस्थापनाच्या मधल्या पायरीवरून सुरुवात होते. परदेशी फी भरण्याआधी मुलाने ही परीक्षा एकदा देऊन पाहायला काय हरकत आहे?

आता याच्या उलट रचनेचा मार्ग, जर्मनीची 'आउसबिल्डुंग'. इथे विद्यार्थी शाळेला फी देत नाही. हॉटेल किंवा रेस्टॉरंट त्याच्याशी प्रशिक्षणाचा करार करते, पहिल्या महिन्यापासून मानधन देते आणि व्यवसायशाळेत पाठवते. स्वयंपाकी किंवा हॉटेल व्यावसायिक व्हायला तीन वर्षे लागतात. २०२२ पासून किचनसाठी दोन वर्षांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षाचे कायदेशीर किमान मानधन महिन्याला ६८२ युरो होते. हॉटेल व्यवसायाच्या वेतनकरारांत ते पुष्कळ ठिकाणी हजार युरोच्या आसपास असते. यातून श्रीमंती येत नाही, पण कर्जाचा डोंगरही नसतो. परीक्षा पास झाल्यावर त्याच क्षेत्रात कामाचा परवाना मिळू शकतो आणि दोन वर्षे नोकरी केल्यावर बाकी अटी पुऱ्या असतील तर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात हॉटेल क्षेत्रातील कामेही आहेत.

अडचण भाषेची आहे, आणि ती खरी आहे. साधारणपणे बी-१ पातळीचे जर्मन लागते. आपल्याकडे गोएथे-झेंट्रुम हैदराबाद येथे वर्ग आणि परीक्षा होतात. नेटाने अभ्यास केला तरी वर्षभराची तयारी ठेवावी. काही जण पाठांतर करून प्रमाणपत्र मिळवतात आणि तिथे व्यवसायशाळेच्या पहिल्याच चाचणीत अडकतात, कारण अन्नस्वच्छतेचे नियम, मालाचा खर्च, पाककृती सारे जर्मनमध्येच असते. किचनमध्ये तर आचारी ओरडून सांगतो तेच एकदा ऐकून करायचे. मुलगा तयार आहे का ते ओळखायचे असेल, तर त्याला जर्मनमधून एखादी पाककृती फोनवर समजावून सांगायला लावावी.

दुसरी अडचण वेळांची. सकाळी दहा ते दोन, मग मधली सुट्टी, पुन्हा संध्याकाळी पाच ते दहा असा तुटक दिवस अनेक ठिकाणी असतो, आणि गाव लहान असेल तर मधले तीन तास खोलीत एकट्याने काढायचे. सुरुवातीचे एक ते चार महिने परीक्षणकाळ असतो. त्यात दोन्ही बाजूंना करार सोडता येतो. मालकाने सोडले तर दुसरी प्रशिक्षणाची जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते, ही माहिती मुलाला आधीच असावी, म्हणजे तो घाबरून परतीचे तिकीट काढणार नाही.

करार हातात आला की त्यात चार गोष्टी पाहाव्यात : व्यवसायाचे नेमके नाव, दर वर्षाचे मानधन, आठवड्याचे तास आणि तो करार तिथल्या उद्योग-व्यापार चेंबरकडे, म्हणजे आयएचकेकडे नोंदवला आहे की नाही. नोंद नसलेला 'ट्रेनिंग करार' म्हणजे बहुधा स्वस्तात राबवून घेण्याचा कागद. मधला एजंट करार मिळवून देण्याचे दोन-चार लाख मागत असेल, तर तिथेच थांबावे. जर्मन मालकाला शिकाऊ उमेदवार हवा असतो, त्यासाठी उमेदवाराने पैसे मोजायचे नसतात. चौकशीसाठी तेलंगण सरकारची टॉमकॉम ही परदेशी रोजगाराची कंपनी हैदराबादेतच आहे.

आणि कुठल्याही देशाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलाला इथल्या एखाद्या हॉटेलच्या किचनमध्ये दोन-तीन महिने उभे करावे. विद्यानगरच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये किंवा बेगमपेटच्या कलिनरी अकादमी ऑफ इंडियामध्ये शिकलेली मुले आपल्या ओळखीत निघतील. कुठे शिकाऊ म्हणून घेतात ते त्यांना ठाऊक असते. रविवारी आणि दिवाळीच्या दिवशीही कामावर जावे लागते, दहा तास उभे राहावे लागते, पोतेभर कांदा एका बसणीत चिरावा लागतो. त्यानंतरही मुलगा घरी येऊन 'आज सॉस कसा फाटला' हे उत्साहाने सांगत असेल, तर मग पासपोर्टच्या कामाला लागावे.