रूपांतरण दर तुलना : ओबामा स्वागतपान चाचणी

एखाद्या आवाहनाचे पान पाहणाऱ्यांपैकी किती टक्के लोक अपेक्षित कृती करतात, तो त्या पानाचा रूपांतरण दर. दोन आवृत्त्यांच्या दरांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सार्थकता चाचणीने तपासतात. या पद्धतीचे बहुचर्चित उदाहरण बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारातले आहे.

चाचणी : डिसेंबर २००७ मध्ये डॅन सिरोकर यांनी प्रचाराच्या संकेतस्थळावरील स्वागतपानाच्या २४ आवृत्त्या एकाच वेळी चालवल्या. चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची दृश्ये (तीन छायाचित्रे, तीन चित्रफिती) यांच्या त्या जोड्या होत्या. एकूण ३,१०,३८२ पाहुणे आले. म्हणजे प्रत्येक आवृत्तीच्या वाट्याला सुमारे १३,०००. ईमेल पत्ता नोंदवणे ही अपेक्षित कृती होती. कार्यकर्त्यांचा कौल चित्रफितीकडे होता, पण एकही चित्रफीत छायाचित्रांच्या पुढे गेली नाही. मूळ पानाचा दर ८.२६ टक्के निघाला. कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’ बटण असलेल्या पानाचा ११.६ टक्के.

सार्थकता : १३,००० पाहुण्यांच्या हिशेबाने मूळ पानावर सुमारे १,०७४ नोंदण्या झाल्या, विजेत्या पानावर १,५०८. एकत्रित दर ९.९३ टक्के; त्यावरून फरकाची प्रमाण त्रुटी ०.३७ टक्केबिंदू येते. प्रत्यक्ष फरक ३.३४ टक्केबिंदू, म्हणजे त्रुटीच्या नऊ पट. रूढ ९५ टक्के पातळीला १.९६ पट पुरते. मात्र इथे मूळ पानाशी तेवीस आव्हानकर्त्यांची तुलना होती, आणि इतक्या तुलनांत एखादी नुसत्या नशिबानेही पुढे दिसू शकते. म्हणून उंबरठा साधारण ३.१ पर्यंत चढवावा लागतो. नऊ त्याच्याही बराच वर आहे.

हेच दर प्रत्येकी ५०० पाहुण्यांवर मिळाले असते, तर नोंदण्या ४१ आणि ५८ झाल्या असत्या आणि गुणोत्तर १.८ आले असते. तेवढ्यावर काहीच ठरवता आले नसते. शिवाय रोज आकडे पाहून, फरक सोयीचा दिसताच चाचणी थांबवली, तर ९५ टक्क्यांची हमी उरत नाही. पाहुण्यांची संख्या आधी ठरवणे हाच त्यावरचा साधा उपाय.

निष्कर्ष, साध्या शब्दांत : नवे पान मूळ पानापेक्षा खरोखर सरस होते. दर शंभर पाहुण्यांमागे अंदाजे तीन ते चार नोंदण्या जास्त मिळाल्या. ९५ टक्के विश्वासाचा पट्टा २.६ ते ४.१ असा आहे. ८.२६ वरून ११.६ म्हणजे ‘४० टक्के वाढ’, पण ती सापेक्ष वाढ आहे. तेवीसांतून अव्वल निवडल्यामुळे तो आकडा किंचित फुगलेला असण्याचा संभव धरावा. छायाचित्र आणि बटण दोन्ही बदलल्याने श्रेय कोणाचे किती, हे या एका तुलनेतून कळत नाही.

देणग्या : या बदलामुळे सुमारे ६ कोटी डॉलर जास्त मिळाले, हा सिरोकर यांचा अंदाज. वाढलेले नोंदणीदार आधीच्यांइतकीच देणगी देतील, हे त्यात गृहीत आहे. चाचणीने ते मोजले नव्हते.

पुढे : सिरोकर यांनी पीट कूमन यांच्यासह ऑप्टिमायझली ही चाचणी-साधनांची कंपनी स्थापन केली.