स्कोपिंग रिव्ह्यूची कुळकथा

सटाण्यात डाळिंबाच्या बागेवर बोलणे निघाले की तेल्या आलाच. पानावर तेलकट ठिपका, मग फळावर काळा डाग, त्या डागातून इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी फुटणारी चीर. बागलाणात कितीतरी बागा या रोगापायी उपटल्या गेल्या. आता समजा, तिथल्याच एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला ‘तेल्याचे व्यवस्थापन’ या विषयावरच्या संशोधनाचा आढावा लिहायचा आहे. निबंध पाठवायचा म्हटला की पहिल्याच पानावर आढाव्याचा प्रकार लिहावा लागतो. नॅरेटिव्ह की स्कोपिंग? बहुतेक जण इथे जो शब्द जास्त वजनदार वाटतो तो उचलतात आणि फसतात. या दोन नावांचे कूळ पाहिले तर निवड पुष्कळ सोपी होते.

नॅरेटिव्ह रिव्ह्यू हे घराणे जुने. विषयात मुरलेल्या माणसाने वाचलेले सगळे डोक्यात ठेवून, आपल्या जाणकारीवर लेख लिहायचा, अशी ही रीत. काय वाचले आणि काय सोडले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. ती विचारणा केली सिंथिया मल्रो या अमेरिकी डॉक्टरांनी. 1985-86 मध्ये चार मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत आलेले 50 आढावा-लेख त्यांनी आठ कसोट्यांवर तपासले आणि 1987 मध्ये निष्कर्ष छापला. आठही कसोट्यांना उतरलेला लेख एकही नव्हता. लेखक नामवंत होते, पण पुरावा कुठून व कसा निवडला हे त्यांनी सांगितलेलेच नव्हते.

त्यातून सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला बळ मिळाले आणि 1993 मध्ये कॉक्रेन कोलॅबोरेशन उभे राहिले. ही पद्धत कडक. प्रश्न आधी पक्का करायचा, शोध पूर्ण घ्यायचा, प्रत्येक अभ्यासाची गुणवत्ता जोखायची आणि मग ‘या उपायाने फरक पडतो का’ याचे उत्तर द्यायचे. अडचण अशी की सगळेच प्रश्न तेवढे नेमके नसतात. एखाद्या विषयात मुळात कोणते संशोधन झाले, कोणत्या पद्धतीने आणि कुठे, हेच ठाऊक नसेल तर उत्तर मोजणार कशाचे? यॉर्क विद्यापीठातल्या हिलरी आर्क्सी आणि लिसा ओ’मॅली यांच्यासमोर मानसिक आजारी माणसांची घरी देखभाल करणाऱ्यांसाठीच्या सेवांचा विषय होता, आणि त्यात हीच अडचण होती. त्या कामातून त्यांनी 2005 मध्ये पाच टप्प्यांची चौकट मांडली : प्रश्न ठरवणे, अभ्यास शोधणे, निवडणे, प्रत्येकातली माहिती ठरावीक रकान्यांत भरणे, आणि गोषवारा देणे. जाणकारांशी सल्लामसलत हा सहावा टप्पा त्यांनी ऐच्छिक ठेवला. स्कोपिंग रिव्ह्यूचे आजचे रूप इथून सुरू होते. 2018 मध्ये त्याच्या लेखनासाठी ‘प्रिझ्मा’ची स्वतंत्र यादी आली : 20 आवश्यक बाबी आणि 2 ऐच्छिक.

या जन्मकथेतला महत्त्वाचा धागा असा की अभ्यासाची गुणवत्ता जोखण्याचे काम या चौकटीने सोडून दिले. नंतरच्या यादीतही ते ऐच्छिकच राहिले. स्कोपिंग रिव्ह्यूला काय म्हणता येते आणि काय नाही, ते इथेच ठरते.

आता तेल्याकडे येऊ. ‘तेल्यावर कोणकोणते उपाय तपासले गेले, कोणत्या राज्यांत, कोणत्या बहारात, आणि कशाकडे दुर्लक्ष झाले?’ असा प्रश्न असेल तर तो स्कोपिंगचा. मग शोध काटेकोर हवा, आणि इथे एक खोडा आहे. रोगाची नोंद 1952 मध्ये दिल्लीहून झाली. पुढे त्याच्या जिवाणूचे नाव बदलत गेले. आधी झॅन्थोमोनास प्युनिकी, मग कॅम्पेस्ट्रिस, नंतर अ‍ॅक्सोनोपोडिस आणि आता सिट्री या जातीत त्याची गणना होते. फक्त आजचे नाव टाकले तर जुने संशोधन निसटेल. मात्र ‘प्युनिकी’ हा शेवटचा शब्द सगळ्या पूर्ण नावांत तोच राहिला, म्हणून शोध असा लिहिता येतो :

```
(pomegranate OR "Punica granatum") AND
("bacterial blight" OR "oily spot" OR telya OR punicae)
```

हा शोध जसाच्या तसा लेखाच्या पद्धती विभागात किंवा पुरवणीत छापायचा. कोणत्या डेटाबेसमध्ये घेतला, कोणत्या तारखेपर्यंत, किती नोंदी आल्या, किती कोणत्या कारणाने वगळल्या, हेही. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर असतात, तेल्यावरचे बरेच काम तिथेच पडून राहते, म्हणून ते सोडणार असाल तर तसे स्पष्ट सांगायचे. निवड दोघांनी वेगवेगळी करून मग मतभेद मिटवायचे. निकष मधेच बदलले तरी चालते, ही पद्धतीतली सोय आहे. फक्त कधी आणि का बदलले ते लिहायचे.

‘पावसाळ्यात येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरावा, असे सल्ले दिले जातात, त्यामागचे तर्क कितपत टिकतात?’ हा प्रश्न वेगळा. पावसाच्या थेंबांनी जिवाणू कसा उडतो, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट रोपांतून तो कसा पसरतो, पाण्याचे आणि बाजारभावाचे गणित काय, हे सगळे एकत्र गुंफून मत मांडायचे आहे. इथे नॅरेटिव्ह रिव्ह्यूच योग्य. त्याला कमी दर्जाचे समजायचे कारण नाही. 2018 मध्ये ट्रिश ग्रीनहॉल्घ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच उतरंड खोटी असल्याचे लिहिले. पद्धती विभाग मात्र त्यालाही हवा, भले एका परिच्छेदाचा : उद्देश काय, वाचन कुठून केले, कोणत्या बाजूचे लेखन मुद्दाम घेतले आणि लेखकाचा अनुभव कुठे बोलतो. 2019 मधल्या ‘सान्रा’ या सहा कसोट्यांच्या मोजपट्टीत साहित्यशोधाचे वर्णन ही एक कसोटी आहेच.

दाव्यांच्या बाबतीत गंमत अशी की एकाला जे मोकळे ते दुसऱ्याला बंद. स्कोपिंगवाला म्हणू शकतो, ‘या डेटाबेसांत, या तारखेपर्यंत, हस्त बहारावरचे क्षेत्रीय प्रयोग सापडले नाहीत.’ पण ताम्रयुक्त फवारणीचे वीस अभ्यास सापडले तरी ‘ताम्र गुणकारी आहे’ असे त्याला म्हणता येणार नाही. अभ्यास किती झाले हे त्याने मोजले, ते कितपत भरवशाचे ते त्याने पाहिलेले नाही. नॅरेटिव्हवाला पुरावा तोलून ‘मला हा तर्क पटतो, कारण…’ असे लिहू शकतो. ‘या विषयावर संशोधनच झालेले नाही’ हे वाक्य मात्र त्याने लिहू नये. सगळीकडे पाहिलेच नाही, तर काय नाही ते कसे सांगणार?

मी वाचलेल्या फसलेल्या आढाव्यांत खूण बहुधा एकच असते. शीर्षकात स्कोपिंग, आणि पद्धतीत ‘गूगल स्कॉलरवर शोध घेऊन समर्पक लेख निवडले’ एवढे एकच वाक्य. समर्पक कोणी ठरवले, किती सोडले, पत्ता नाही. शेवटी शिफारस मात्र फवारणीच्या प्रमाणासकट! अशा लेखाचे शीर्षक बदलून त्याला नॅरेटिव्ह म्हणावे, ते त्याला शोभते. शिफारस मग लेखकाच्या सहीने मत म्हणून उभी राहते आणि तिचा युक्तिवाद त्याला द्यावा लागतो.

स्कोपिंगच निवडले तर सटाण्यात सहावा टप्पा सोडू नये. 2010 मध्ये डॅनिएल लेव्हॅक आणि सहकाऱ्यांनी तो आवश्यकच मानावा असे सुचवले होते. रकाने भरून झाले की तो तक्ता चार बागायतदारांपुढे ठेवावा. ते सांगतील की ते खरोखर वापरतात त्या मिश्रणांचा रकाना यात नाही, किंवा रोपवाटिकेतून आलेल्या रोगट कलमांवर कोणी पाहिलेच नाही. ही त्यांची भर ‘सल्लामसलत’ म्हणून वेगळ्या उपविभागात छापायची. सापडलेल्या अभ्यासांच्या संख्येत ती मिळवायची नाही.