पूर्वनियोजित नादारी समाधान प्रक्रिया

पूर्वनियोजित नादारी समाधान प्रक्रिया ही भारतातील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत मोडणाऱ्या कंपन्या आणि मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांसाठीची कर्जनिवारणाची पद्धत आहे. एप्रिल २०२१ मधील अध्यादेशाने ती नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये समाविष्ट झाली. एकल मालकीचे व साध्या भागीदारीतील उद्योग तिच्या कक्षेबाहेर आहेत.

नियमित प्रक्रियेशी तुलना

नियमित समाधान प्रक्रिया सुरू करण्याची मागणी धनकोही करू शकतो आणि त्यासाठी किमान थकबाकी १ कोटी रुपये लागते. प्रक्रिया सुरू होताच संचालक मंडळाचे अधिकार समाधान व्यावसायिकाकडे जातात. योजना मंजूर न झाल्यास कंपनी अवसायनात जाते.

पूर्वनियोजित प्रक्रियेत अर्ज कंपनीनेच करावयाचा असतो आणि १० लाख रुपयांची थकबाकी पुरेशी ठरते. कारभार संचालकांकडेच राहतो. समाधान व्यावसायिक देखरेख करतो. गैरव्यवहार आढळल्यास मात्र न्यायाधिकरण कारभार त्याच्याकडे सोपवू शकते. योजना ९० दिवसांत सादर न झाल्यास सहसा प्रक्रिया संपुष्टात येते, कंपनी नव्हे.

उदाहरण

वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक काल्पनिक लघु कंपनी घेऊ. तिच्यावर एका बँकेचे ४.२ कोटी, एका वित्तसंस्थेचे १.८ कोटी आणि संचालकाच्या भावाचे १ कोटी रुपये कर्ज आहे. कच्चा माल पुरवणाऱ्यांचे ८० लाख थकले आहेत.

२०२१ च्या तरतुदींनुसार अर्जापूर्वी वित्तीय धनकोंची, कर्जाच्या मूल्याने, किमान ६६ टक्के संमती लागते. भाऊ संबंधित पक्ष असल्याने त्याचे कर्ज मोजले जात नाही. उरलेल्या ६ कोटींत बँकेचा वाटा ७० टक्के असल्याने तिची एकटीची संमती पुरते. तिने नकार दिल्यास अर्जच करता येत नाही. भागधारकांचा विशेष ठरावही आवश्यक असतो.

प्रक्रिया सुरू झाल्यावर दोन दिवसांत कंपनी आपली मूळ योजना सादर करते. तीत पुरवठादारांचे ८० लाख पूर्ण देऊ केले असतील, तर धनको समिती ती थेट मंजूर करू शकते. ५० लाखच देऊ केले, तर इतरांकडून योजना मागवाव्या लागतात आणि मालकांना स्पर्धेत उतरावे लागते. त्यात अधिक चांगली योजना पुढे आल्यास कारखाना त्यांच्या हातून जाऊ शकतो. धनको समितीत मत नसलेल्या पुरवठादारांचे संरक्षण या अटीतून साधले जाते.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रातील अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई न्यायपीठापुढे चालतात. नाशिक येथे ॲल्युमिनियमचे उत्पादन करणाऱ्या सुदाल इंडस्ट्रीजची योजना या न्यायपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली. ही प्रक्रिया १२० दिवसांत पूर्ण व्हावी अशी संहितेची अपेक्षा आहे. नियमित प्रक्रियेची कमाल मुदत ३३० दिवस आहे. तथापि धनकोंशी वाटाघाटी अर्जापूर्वीच होतात आणि तोवर वसुलीला स्थगिती नसते. त्यामुळे बोलणी लांबल्यास तारण मालमत्ता जप्त होण्याचा धोका कायम राहतो.