हस्तनिर्मित साबण

हस्तनिर्मित साबण म्हणजे वनस्पतिजन्य तेले आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) यांच्या अभिक्रियेतून, यंत्रातील दाबाचा वापर न करता लहान प्रमाणावर तयार केलेला अंघोळीचा साबण. त्याच्या वड्यांमध्ये किंवा वड्यांवर वाळलेल्या पाकळ्या, पाने किंवा बिया दिसतात, कडा ओबडधोबड असतात आणि मध्यभागी कागदाची पट्टी गुंडाळलेली असते. हे रूप बरेचसे शीत प्रक्रिया या निर्मितीपद्धतीतून आले आहे. वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील गोखिवरे (जिल्हा पालघर) आणि कोकण किनाऱ्यावरील इतर दमट ठिकाणी या पद्धतीने साबण करताना वाळवणे आणि साठवणे हे टप्पे विशेष महत्त्वाचे ठरतात.

निर्मिती

शीत प्रक्रियेत बाहेरून सतत उष्णता द्यावी लागत नाही. तेल आणि अल्कली यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होते, या क्रियेस साबणीकरण म्हणतात. यंत्रावर बनणाऱ्या साबणातून ग्लिसरीन बहुधा वेगळे काढले जाते. शीत प्रक्रियेत ते वडीतच राहते.

प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा वेगळा असल्याने मोजमाप वजनाने करतात. एक ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे ०.१८३ ग्रॅम, पाम तेलास ०.१४२ ग्रॅम, तिळाच्या तेलास ०.१३४ ग्रॅम आणि एरंडेल तेलास ०.१२८ ग्रॅम सोडा लागतो. उदाहरणार्थ, खोबरेल ४००, पाम ३००, तीळ २०० आणि एरंडेल १०० ग्रॅम अशा एक किलो मिश्रणास एकूण सुमारे १५५ ग्रॅम सोडा लागेल. प्रत्यक्षात त्यात ५ टक्के घट करून सुमारे १४८ ग्रॅम घेतात. त्यामुळे थोडे तेल साबणीकरणाविना शिल्लक राहते आणि वडीत मोकळी अल्कली उरण्याचा धोका कमी होतो. पाणी सोड्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २९५ ग्रॅम घेतले जाते.

सोडा पाण्यात टाकतात. पाणी सोड्यावर ओतत नाहीत, कारण अचानक निर्माण झालेल्या उष्णतेने द्रावण उसळून अंगावर उडू शकते. ॲल्युमिनियमचे भांडे वापरत नाहीत, कारण सोडा त्या धातूवर क्रिया करून ज्वलनशील हायड्रोजन वायू मुक्त करतो. हातमोजे व डोळ्यांचा चष्मा आवश्यक असतो. द्रावण आणि तेल दोन्ही सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत आल्यावर एकत्र घुसळतात. चमच्यातून सोडलेल्या मिश्रणाची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागली की ते साच्यात ओततात.

कडा आणि वनस्पतींचे तुकडे

एक ते दोन दिवसांनी ठोकळा साच्यातून काढून सुरीने किंवा तारेने कापतात. या वेळी साबण घट्ट चिझासारखा असतो. लवकर कापल्यास तो सुरीला चिकटतो. उशीर झाल्यास, विशेषतः खोबरेल तेल अधिक असल्यास, कडा भुरभुरून तुटतात. यंत्रावर साबण ठशात दाबून गुळगुळीत केला जातो, तसा दाब येथे नसल्याने वडीवर कापण्याच्या खुणा राहतात. वरच्या बाजूस कधी पांढरा थर येतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावलेल्या उरलेल्या अल्कलीचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा, हा थर असून तो खरवडून किंवा धुऊन निघतो.

वनस्पतींचे तुकडे पूर्ण वाळलेले असावे लागतात. ताजी पाने किंवा फळांचा गर वडीत कुजू लागतो. वाळलेल्या तुकड्यांचाही रंग बहुधा टिकत नाही. गुलाबपाकळ्या आणि लव्हेंडरच्या कळ्या अल्कलीमुळे तपकिरी होतात, तर कडुनिंब किंवा तुळशीच्या पानांचा हिरवा रंग मळकट पिवळसर होतो. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तीच क्रिया हळद घातलेल्या ताज्या साबणात होते आणि रंग पुढे फिका पडतो. कॅलेंड्युलाच्या पाकळ्यांचा पिवळा रंग मात्र टिकतो, कारण त्यातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांवर अल्कलीचा फारसा परिणाम होत नाही. ही वनस्पती हारांतील झेंडूहून वेगळी आहे. वडीच्या पृष्ठभागावर ठेवलेले तुकडे आतल्या तुकड्यांपेक्षा अधिक काळ मूळ रंगाचे राहतात. हे तुकडे मुख्यतः शोभेचे असतात. टोकदार बिया किंवा जाड देठ त्वचेला खरचटवू शकतात.

मुरवणे

कापलेल्या वड्या हवेशीर जागी, एकमेकींपासून अंतर ठेवून, चार ते सहा आठवडे मुरवतात. साबणीकरण पहिल्या काही दिवसांतच बहुतांशी संपते. पुढचा काळ मुख्यतः पाणी उडण्यासाठी असतो. वरील उदाहरणातील १,४४३ ग्रॅम मिश्रणातून सुमारे १२० ग्रॅमच्या १२ वड्या निघतात. त्यांतील १२ टक्के वजन पाण्याच्या रूपाने घटल्यास प्रत्येक वडी सुमारे १०६ ग्रॅमची राहते. मुरलेली वडी कठीण होते आणि वापरताना हळू झिजते.

मोकळ्या अल्कलीची ढोबळ तपासणी पीएच पट्टीने करतात. साबणाचे द्रावण साधारणपणे ९ ते १० पीएच दाखवते. ११ किंवा त्याहून अधिक पीएच हे प्रमाण चुकल्याचे लक्षण मानले जाते. असा साबण विकता येत नाही. नारिंगी ठिपके आणि खवट वास ही असंतृप्त तेले खराब झाल्याची चिन्हे असून लोखंडाचा स्पर्श ही क्रिया वेगवान करतो.

दमट हवेत साठवण

ग्लिसरीन हवेतील बाष्प शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात वसई परिसरासारख्या किनारी भागात वड्यांवर घामासारखे थेंब दिसतात. हा दोष साबण बिघडल्याचा नसतो. मात्र त्यामुळे कागद ओला होऊन शाई पसरते. पूर्ण प्लास्टिक वेष्टन घातल्यास राहिलेले पाणी आत अडकते. कागदी पट्टी वडीची दोन्ही टोके उघडी ठेवते, म्हणून वाळणे सुरू राहते. त्याच वाळण्याने वडी आक्रसते आणि मुरण्यापूर्वी गुंडाळलेली पट्टी सैल होऊन निसटते. म्हणून पट्टी मुरवण्यानंतर लावतात.

कायदा आणि पट्टीवरील मजकूर

भारतात अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधन मानला जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी त्याचे उत्पादन करण्यास परवाना लागतो; महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्यामुळे घरच्या स्वयंपाकघरात साबण तयार करून तो विनापरवाना विकणे कायदेशीर ठरत नाही. वेष्टनातील वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. अरुंद पट्टीवर हा मजकूर वाचनीय आकारात बसवणे हे तिच्या रुंदीचे एक कारण आहे.

निव्वळ वजन कापताना मोजून छापल्यास वाळलेली वडी छापील वजनापेक्षा कमी भरते. वरील उदाहरणात पट्टीवर १२० ग्रॅम छापले, तर ग्राहकाला १४ ग्रॅम कमी मिळतात. मुरलेली वडी मोजूनच वजन छापल्यास ही तफावत टळते. पुढेही थोडी घट होत असल्याने छापील आकडा काहीसा कमी ठेवणे सुरक्षित असते. वरील वडी १०० ग्रॅमची म्हणून विकणे हा त्याचा एक मार्ग आहे.