बाहेर एक, कपाटात एक : सिगारेट कंपन्यांच्या कागदांची गोष्ट

तंबाखूने कर्करोग होतो, हे आज पुडीवरच छापलेले असते. पण हे कंपन्यांना कधी कळले आणि कळल्यावर त्यांनी काय केले? याचा पुरावा आहे तो त्यांच्याच दप्तरात. आज आम्ही अमेरिकेतल्या त्या कागदांची गोष्ट सांगणार आहोत.

१९५३ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी सिगारेटच्या धुरातला डांबरासारखा चिकट पदार्थ उंदरांच्या कातडीला लावून पाहिला. उंदरांना कर्करोगाच्या गाठी आल्या. बातमी पसरली तशा कंपन्या घाबरल्या. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात कंपन्यांचे मालक जमले, आणि जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन आले. त्याचा मतलब असा : आमचा माल अपायकारक नाही असे आम्हाला वाटते, तरी लोकांचे आरोग्य ही आमची जबाबदारी आहे, म्हणून आम्ही संशोधनाला पैसे देऊ.

हे झाले बाहेरचे बोलणे. आता कपाटातले बघा. १९६३ साली ब्राऊन अँड विल्यमसन या कंपनीच्या वकिलाने आतल्या टिपणात लिहिले की निकोटीन हे सवय लावणारे औषध आहे आणि आपला धंदा तेच विकण्याचा आहे. १९६९ च्या दुसऱ्या कागदात तर लिहिले की शंका हाच आपला माल आहे. म्हणजे खोटे सिद्ध करायची गरजच नाही. "अजून नक्की कुठे कळलंय?" एवढे लोकांच्या मनात राहिले की पुरे.

कायदा होतानाही हीच चाल होती. १९६४ साली तिथल्या व्यापार आयोगाने ठरवले की पाकिटावर आणि जाहिरातीतही स्पष्ट लिहायचे, सिगारेटने कर्करोग होऊन मरण येऊ शकते. कंपन्यांची माणसे खासदारांच्या दारी बसली. १९६५ साली कायदा आला, पण पाकिटावर फक्त 'आरोग्यास धोकादायक असू शकते' एवढेच. मरण गेले, कर्करोग गेला. वर त्याच कायद्याने जाहिरातीत इशारा घालायची सक्ती करण्यास काही वर्षे मनाई केली. लोकांना वाटले, सरकारने लगाम घातला. खरे तर लगाम कंपन्यांच्याच हातात राहिला.

मग नवे गिऱ्हाईक कुठून आणायचे? १९६८ साली खास बायकांसाठी व्हर्जिनिया स्लिम्स नावाची बारीक सिगारेट काढली. बायका आता पुढे गेल्या, असे तिच्या जाहिरातीत सांगितले जाई. बायकांच्या टेनिसला तेव्हा बक्षिसाचे पैसे पुरुषांपेक्षा फार कमी मिळत. या सिगारेटने पैसे पुरवले आणि स्पर्धांना तिचे नाव लागले. खेळाडूंना पैसा खरोखर मिळाला, म्हणून तर विरोध करणे अवघड झाले. आपल्याकडेही १९९६ चा क्रिकेट विश्वचषक विल्स या सिगारेटच्या नावाने झाला, हे पुष्कळांना आठवत असेल.

आणि गोडी? १९७२ च्या एका आतल्या टिपणात सल्ला आहे की पोरांना गोड आवडते, तेव्हा मधाच्या चवीचा विचार करावा. चवीचे काम दुहेरी असते. पहिल्या झुरक्याचा ठसका आणि कडूपणा ती झाकते, आणि सवय लागेपर्यंत माणसाला टिकवते. सवय मग निकोटीन लावते. अमेरिकेने गोड चवीच्या सिगारेटी २००९ साली बंद केल्या, पण पुदिन्यासारखी गार मेंथॉलची सिगारेट त्यातून वगळली.

हे सगळे बाहेर कसे आले? एप्रिल १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की निकोटीनची सवय लागते असे आम्हाला वाटत नाही. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्याकडे एक खोके आले. पाठवणाऱ्याचे खरे नाव नव्हते, पण आत ब्राऊन अँड विल्यमसनचे हजारो कागद होते. विद्यापीठाने ते सर्वांना वाचायला खुले केले. पुढे मिनेसोटा राज्याच्या खटल्यात आणखी कोट्यवधी पाने बाहेर पडली. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला की कंपन्यांनी पन्नास वर्षे लोकांना फसवले, आणि आता खरे काय ते स्वखर्चाने छापावे. कंपन्या वरच्या कोर्टात भांडत राहिल्या. ते छापून यायला २०१७ उजाडले.

मैत्रिणींनो, आपल्याकडे धूर कमी, मिश्री आणि पुडी जास्त. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी टपरीवर वेलचीच्या, गुलाबाच्या, केशराच्या वासाचे काही लटकलेले दिसले, तर तो वास कशावर पांघरूण घालतोय आणि ती पुडी कोणाच्या उंचीला टांगली आहे, हे दोन प्रश्न जरूर विचारा.