तीन नग वाईट, हजार अडले
१९६३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं ‘मिल-स्टँडर्ड-१०५ डी’ आलं. त्यातलं एक उदाहरण घेऊ. हजार नगांचा लॉट, चालण्याजोगी दोषपातळी १ टक्का. नेहमीच्या तपासणीत आपण ८० नग काढतो. दोन सदोष चालतात. तिसरा निघाला की लॉट नापास. घोळ होतो तो इथेच. तीन नग बाजूला काढून उरलेले ९९७ साठ्यात चढवायचे! अहो, पण न पाहिलेल्या ९२० नगांचं काय? म्हणून नोंद अख्ख्या हजारांचीच अडवायची. आलेला माल आधी ‘तपासणीखाली’ लिहायचा, तिथून ‘नापास’मध्ये, वापरायच्या शिलकेत तो कधी येतच नाही. पुन्हा सादर करायचा, तर पुरवठादारानं सगळे नग तपासून सदोष काढलेले किंवा दोष दुरुस्त केलेले हवेत, अशी मानकाची अट होती.